एकाच वहीतून निघालेली चार उत्तरं: वेड्यावाकड्या खड्ड्यातलं पाणी मोजण्याचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका मोठ्या रोपवाटिकेचं आहे. तिच्या कडेला एक जुना खड्डा होता. कधीतरी भरावासाठी तिथून माती काढली गेली होती, आणि माती मिळेल तसं खणत गेल्यामुळे त्याला धड आकार नव्हता. एका बाजूला उतार मंद, दुसऱ्या बाजूला कड जवळजवळ उभी, मध्याच्या जरा अलीकडे एक खोल डोह आणि पूर्वेकडे उथळ पसरट भाग. ओढ्यातून एक चर काढून फळीच्या दारातून त्यात पाणी घेता येत होतं. ओढा वाहता असेपर्यंत खड्डा भरलेला राही. ओढा आटला की पुढचे साधारण शंभर दिवस रोपांना पाणी इथूनच द्यायचं होतं, रोज सुमारे २० घनमीटर, म्हणजे २०,००० लिटर.

तोवर सगळे एका ढोबळ आकड्यावर चालत होते. लांबी ६० मीटर, रुंदी ४० मीटर, मधली खोली दोनेक मीटर, म्हणून पाणी ४,८०० घनमीटर. हा गुणाकार म्हणजे चारही बाजूंनी उभ्या भिंतींचा आणि सपाट तळाचा हौद. खड्डा तसा नव्हता हे सगळ्यांना दिसत होतं, पण नेमका किती कमी धरायचा हे कुणालाच सांगता येत नव्हतं. रोपांची संख्या वाढवायचा विचार सुरू झाला तेव्हा व्यवस्थापकांनी आमच्याकडून मोजणी करून मागितली.

प्रश्न नेमका काय होता

विचारलेला प्रश्न होता, पाणी किती आहे. कामाचा प्रश्न वेगळा होता, पाणी शंभर दिवस पुरेल का. हा फरक सुरुवातीलाच लक्षात घेतल्यामुळे मोजणी किती बारीक हवी ते ठरवता आलं. वीस-पंचवीस घनमीटर इकडेतिकडे झाले तर एका दिवसाचा फरक पडतो. त्यासाठी जास्त कष्ट घेण्यात अर्थ नव्हता. पण दोनशे-तीनशे घनमीटरची चूक म्हणजे आठ-दहा दिवस, आणि तेवढ्यात रोपं जातात. म्हणून पाच टक्क्यांच्या आत उत्तर हवं, असं ठरलं.

पर्याय

पहिला पर्याय होता तळ्याचे आडवे छेद घेण्याचा. ठरावीक अंतरावर दोर ताणायचे, प्रत्येक दोराखाली खोली मोजून छेदाचं क्षेत्रफळ काढायचं आणि दोन छेदांची सरासरी अंतराने गुणायची. लांबट, नाल्यासारख्या जागेला ही पद्धत उत्तम. इथे खड्डा लांबीच्या मानाने बराच रुंद होता आणि डोह एका जागी होता, त्यामुळे छेद नेमका डोहावरून जातो की शेजारून, यावर उत्तर हललं असतं.

दुसरा पर्याय पाणी पूर्ण उपसून मोजण्याचा. उत्तर सर्वात खात्रीचं, पण डोहाचा तळ उघडा पडेपर्यंत पंप चालवायचा आणि पुन्हा भरायचं, एवढा वेळ ओढ्याकडे उरला नव्हता.

तिसरा पर्याय निवडला. संपूर्ण खड्ड्यावर चौकोनांची जाळी कल्पायची, प्रत्येक छेदबिंदूवर खोली मोजायची आणि चौकोनागणिक सरासरी खोली घेऊन घनफळ काढायचं. दुसरा पर्याय पूर्ण सोडला नाही. वरचा अर्धा मीटर उपसून तेवढ्यापुरती पडताळणी करायची, असं ठरवून ठेवलं.

जाळी किती मोठी

हा पहिला खरा निर्णय. ५ मीटरची जाळी घेतली असती तर पाण्यात ऐंशीच्या आसपास बिंदू आले असते. तराफा प्रत्येक बिंदूवर स्थिर करून दांडा टेकवायचा म्हणजे हे काम लांबलं असतं, आणि लांबलं की मध्येच पातळी उतरते. १० मीटरच्या जाळीत पाण्यातले बिंदू वीसच होते. म्हणून १० मीटरची जाळी घ्यायची आणि जिथे शेजारच्या बिंदूंत खोली एकदम बदलते तिथेच ती बारीक करायची, असं ठरलं.

जाळीची सुरुवात पाण्याच्या काठावर केली नाही. पहिली आणि शेवटची रेघ चारही बाजूंना कोरड्या जमिनीवर ठेवली, ७० मीटर लांब आणि ५० मीटर रुंद असा आयत आखून. कोपऱ्यांचे काटकोन ३-४-५ च्या त्रिकोणाने जुळवले, बाजूंवर दर १० मीटरला खुंट्या ठोकल्या आणि समोरासमोरच्या खुंट्यांमध्ये दोर ताणला. दोरावर दर १० मीटरला रंगीत चिंधी बांधली होती. तराफा दोर धरूनच सरकवायचा, त्यामुळे वाऱ्याने तो भरकटत नाही आणि बिंदूची जागाही चुकत नाही.

बाहेरची रेघ कोरडी ठेवण्याचा फायदा हिशेबात दिसतो, तो पुढे येईल.

खोली मोजताना घेतलेले दोन निर्णय

दांड्याच्या टोकाला ताटलीएवढी चकती बसवली. तळाशी मऊ गाळ होता. उघडा दांडा टेकवला की तो गाळात शिरतो आणि माणसाला वाटतं तळ लागला. पडताळण्यासाठी काही बिंदूंवर दोन्ही प्रकारे मोजलं, तेव्हा उघड्या दांड्याने सरासरी १५ सेंटिमीटर जास्त खोली दाखवली.

हे १५ सेंटिमीटर किरकोळ वाटतात, पण इथे थांबायला हवं. मोजणीतल्या चुका दोन जातीच्या असतात. लाट आली, दांडा जरा तिरका झाला, आकडा वाचताना डोळा चुकला, अशी चूक कधी जास्त कधी कमी असते आणि बेरजेत बरीचशी एकमेकींना खाते. प्रत्येक बिंदूवर अशी ५ सेंटिमीटरची चूक धरली, तरी वीस बिंदूंच्या बेरजेतून घनफळात साधारण २२ घनमीटरचाच फरक येतो. कारण ती वीसपट होत नाही, वीसच्या वर्गमुळाएवढी, म्हणजे साडेचारपटच वाढते. गाळात शिरणारा दांडा मात्र प्रत्येक वेळी एकाच दिशेने चुकतो. पाण्याचं क्षेत्रफळ १,९६० चौरस मीटर, गुणिले १५ सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ ३०० घनमीटर नसलेलं पाणी हिशेबात आलं असतं. बिंदू दुप्पट केले असते तरी ही चूक तसूभर कमी झाली नसती. एका चकतीने ती जवळजवळ पूर्ण गेली.

दुसरा निर्णय पातळीचा. काठाजवळ पाण्यात एक खुणेचा खांब रोवला आणि दार बंद करून ओढ्याचं पाणी थांबवलं. पहिल्या दोन रांगा मोजून झाल्यावर वारा वाढला आणि बाकीच्या दोन रांगा सहा दिवसांनी मोजाव्या लागल्या. तेवढ्यात खांबावरची पातळी ४ सेंटिमीटर उतरली होती. या दुसऱ्या मोजणीच्या दिवसाची पातळी शून्य धरली आणि पहिल्या दोन रांगांच्या प्रत्येक खोलीतून ४ सेंटिमीटर वजा केले. काठाची रेघही याच पातळीला आखून घेतली. या दुरुस्तीने घनफळात ३६ घनमीटरचाच फरक पडला. पण खांबामुळे दुसरी एक मोलाची गोष्ट हाती आली. पंप बंद, दार बंद, तरी पाणी रोज सहा ते सात मिलिमीटर उतरत होतं. बाष्पीभवन आणि झिरपणं मिळून होणारी ही घट पुढे निर्णायक ठरली.

वहीतले आकडे

दुरुस्तीनंतरच्या खोल्या मीटरमध्ये, दशांशाच्या एका स्थळापर्यंत, अशा होत्या. वरची ओळ पश्चिमेकडून अंतर दाखवते, डावा स्तंभ दक्षिणेकडून.

| | ० | १० | २० | ३० | ४० | ५० | ६० | ७० |
|---|---|---|---|---|---|---|---|---|
| ५० | ० | ० | ० | ० | ० | ० | ० | ० |
| ४० | ० | ० | ०.८ | १.७ | १.४ | १.२ | ०.५ | ० |
| ३० | ० | ०.९ | १.९ | ३.४ | २.२ | १.६ | ०.९ | ० |
| २० | ० | ०.७ | १.५ | १.८ | १.३ | ०.८ | ०.३ | ० |
| १० | ० | ० | ०.६ | ०.९ | ०.४ | ० | ० | ० |
| ० | ० | ० | ० | ० | ० | ० | ० | ० |

सगळ्या खोल्यांची बेरीज २४.८ मीटर. एकूण बिंदू ४८, त्यातले पाण्यात २०. काठाची रेघ आलेख कागदावर उतरवून चौकोन मोजले, तेव्हा पाण्याचं क्षेत्रफळ १,९६० चौरस मीटर आलं.

अडचण: चार उत्तरं

वही तिघांना दिली आणि प्रत्येकाला स्वतंत्र हिशेब करायला सांगितलं. ही पद्धत फार उपयोगी आहे, कारण आकडे तेच असले तर फरक कुठून आला ते शोधता येतं.

एकाने पाण्यातल्या वीस बिंदूंची सरासरी काढली, १.२४ मीटर, आणि ती ७० गुणिले ५० या पूर्ण आयताने गुणली. उत्तर ४,३४० घनमीटर. दुसऱ्याने सगळ्या ४८ बिंदूंची सरासरी काढली, ०.५१७ मीटर, आणि ती पाण्याच्या १,९६० चौरस मीटरने गुणली. उत्तर १,०१३. तिसऱ्याने तीच ०.५१७ ची सरासरी पूर्ण आयताच्या ३,५०० चौरस मीटरने गुणली. उत्तर १,८०८. आम्ही चौकोनागणिक हिशेब केला तेव्हा आलं २,४८०.

एकाच वहीतून चौपट फरकाची उत्तरं. रोजचा वापर आणि घट धरली तर पहिल्या आकड्याने पाणी पाच महिने पुरलं असतं, दुसऱ्याने जेमतेम महिनाभर. व्यवस्थापकांनी साहजिकच विचारलं, "मग मोजणीवर भरवसा ठेवायचा की नाही?" मोजणी ठीक होती. गोंधळ भागाकाराचा होता.

गाठ कुठे होती

सरासरी खोली ही नेहमी कुठल्या तरी क्षेत्रफळाची असते. वीस ओल्या बिंदूंची सरासरी ही पाण्याखालच्या क्षेत्राची सरासरी आहे, तिला पाण्याच्याच क्षेत्रफळाने गुणायला हवं. १.२४ गुणिले १,९६० म्हणजे २,४३०. चौकोनांच्या उत्तराच्या हे अगदी जवळ आहे. पहिल्याने पाण्याची सरासरी कोरड्या जमिनीवरही पसरवली, म्हणून उत्तर फुगलं. दुसऱ्याने कोरडे बिंदू सरासरीत घेतले, पण कोरडी जमीन क्षेत्रफळातून वगळली, म्हणून तेच कोरडेपण दोनदा कापलं गेलं.

तिसऱ्याचं उत्तर चकवणारं आहे. त्याने सरासरीत कोरडे बिंदू घेतले आणि क्षेत्रफळही पूर्ण आयताचं घेतलं. जोडी बरोबर वाटते, तरी उत्तर पाव भागाहून जास्त कमी आलं. कारण असं, की ७० गुणिले ५० च्या आयतात १० मीटरचे चौकोन ३५ आहेत, बिंदू मात्र ४८. बाहेरच्या रेघेवरचे बिंदू पूर्ण चौकोनाचे प्रतिनिधी नाहीत. कडेचा बिंदू अर्ध्या चौकोनाचा, कोपऱ्याचा पाव चौकोनाचा. सगळ्यांना सारखं वजन दिलं की कडेच्या शून्यांना हक्कापेक्षा जास्त मत मिळतं.

चौकोनागणिक हिशेबात हे आपोआप जुळतं. प्रत्येक चौकोनाच्या चार कोपऱ्यांची सरासरी घ्यायची आणि १०० चौरस मीटरने गुणायची. उदाहरणार्थ, पश्चिमेकडून २० ते ३० आणि दक्षिणेकडून २० ते ३० या चौकोनाचे कोपरे आहेत १.५, १.८, १.९ आणि ३.४. सरासरी २.१५, घनफळ २१५ घनमीटर. काठावरच्या एका चौकोनाचे तीन कोपरे कोरडे आणि चौथा ०.७ आहे. तिथे सरासरी ०.१७५, घनफळ १७.५. असे ३५ चौकोन बेरजेत घेतले की आतला प्रत्येक बिंदू चार चौकोनांत येतो, दर वेळी पाव हिश्श्याने, म्हणजे एकूण पूर्ण वजनाने. बाहेरची रेघ सगळी कोरडी असल्यामुळे तिचं कमी वजन मोजायची गरजच उरत नाही. म्हणून पूर्ण हिशेब एका ओळीत मावतो: खोल्यांची बेरीज गुणिले एका चौकोनाचं क्षेत्रफळ, २४.८ गुणिले १००, म्हणजे २,४८०. कोरडी रेघ बाहेर ठेवण्याचा फायदा तो हाच. भागाकारच नाही, तर त्यात चुकायलाही जागा नाही.

डोहाचा संशय

२,४८० वर लगेच शिक्कामोर्तब केलं नाही. तक्त्यात ३.४ हा आकडा एकटा उठून दिसतो. त्याचे चारही शेजारी १.७ ते २.२ मध्ये आहेत. हा एक बिंदू एकटाच ३४० घनमीटर, म्हणजे एकूण पाण्याचा सातवा हिस्सा सांगत होता. एखाद्या बिंदूच्या अंगावर एकूण उत्तराच्या दहा टक्क्यांहून जास्त भार येत असेल तर त्याच्या आजूबाजूला पुन्हा मोजावं, हा आमचा नेहमीचा ठोकताळा आहे.

त्या बिंदूभोवतीच्या चार चौकोनांत ५ मीटरवर सोळा नवे बिंदू घेतले. डोह रुंद असता तर ३.४ च्या शेजारी, ५ मीटरवर, २.६ ते २.८ च्या आसपास खोली मिळायला हवी होती. मिळाली २.१ ते २.४. डोह अरुंद होता आणि १० मीटरच्या जाळीचा बिंदू योगायोगाने त्याच्या तोंडावरच पडला होता. मोठ्या जाळीने या चार चौकोनांत ८४५ घनमीटर दाखवले होते, बारीक जाळीने ७६९ आले. ७६ घनमीटर कमी झाले आणि एकूण २,४०४ उरले.

उलटही घडू शकलं असतं. जाळी ५ मीटर सरकली असती तर डोह दोन रेघांच्या मध्ये लपला असता आणि पाणी कमी दिसलं असतं, शिवाय संशय यावा असा कुठलाही आकडा तक्त्यात आला नसता. म्हणून तराफ्यावरून दोराच्या मधल्या जागीही अधूनमधून दांडा टेकवून पाहावा. ते आकडे हिशेबात घ्यायचे नाहीत, पण काही लपलंय का ते कळतं.

पडताळणी

मोजणी संपताच, पातळी शून्य खुणेवर असताना, पंप लावला. पाणी लांब सोडलं, म्हणजे ते झिरपून परत येणार नाही. पंपाच्या पाटीवरचा आकडा धरला नाही. १,००० लिटरची टाकी भरायला किती वेळ लागतो ते घड्याळावर पाहिलं. सुरुवातीला ७९ सेकंद, पाणी खाली गेल्यावर शेवटी ८१. सरासरी ८० सेकंद, म्हणजे तासाला ४५ घनमीटर. पातळी बरोबर अर्धा मीटर उतरायला पंपाचे साडेवीस तास लागले. उपसलेलं पाणी ९२२ घनमीटर, त्यात तेवढ्या वेळातल्या नैसर्गिक घटीचे दहा-बारा घनमीटर धरले की सुमारे ९३५.

खालच्या पातळीला काठाची रेघ पुन्हा आखली. क्षेत्रफळ १,७३० चौरस मीटर आलं. वरचं १,९६० आणि खालचं १,७३० यांची सरासरी १,८४५, गुणिले अर्धा मीटर, म्हणजे ९२२. दोन अगदी वेगळ्या वाटांनी आलेली उत्तरं एकमेकांना धरून होती.

जाळीचं म्हणणं काय होतं? प्रत्येक बिंदूच्या वरच्या अर्ध्या मीटरची बेरीज केली की ९.७ मीटर येते, म्हणजे ९७० घनमीटर. साधारण ३५ ते ५० घनमीटर जास्त.

हा फरक कुठून आला ते पाहण्यासारखं आहे. काठाजवळ शेवटचा ओला बिंदू आणि पहिला कोरडा बिंदू यांच्यात १० मीटर अंतर असतं. काठ त्यांच्या मध्ये कुठेतरी असतो. हिशेब मात्र असं धरतो की तळ ओल्या बिंदूपासून हळूहळू वर चढत थेट कोरड्या बिंदूपर्यंत जातो, म्हणजे पाणी तिथवर पसरलेलं आहे. प्रत्यक्षात ते अलीकडेच संपतं. त्यामुळे उताराच्या काठावर जाळी नेहमी थोडं जास्त पाणी दाखवते. आतल्या वाटीसारख्या तळावर ती उलट थोडं कमी दाखवते, कारण दोन बिंदूंच्या मध्ये तळ सरळ रेषेपेक्षा खाली झुकलेला असतो. पूर्ण खड्ड्याच्या बेरजेत या दोन चुका बऱ्याच अंशी एकमेकींना सांभाळून घेतात. वरच्या अर्ध्या मीटरच्या थरात मात्र काठाचाच वाटा मोठा, म्हणून तिथे ती उघडी पडली.

या सगळ्यावरून शेवटचा आकडा २,३५० घनमीटर ठरवला, शंभर घनमीटर इकडेतिकडे धरून. पाच टक्क्यांची अट पाळली गेली. त्यानंतर दार उघडून खड्डा पुन्हा खुणेपर्यंत भरून घेतला.

निर्णय

आता पुरेल का हा हिशेब. पंपाच्या ओढनळीच्या टोकाचा फूटव्हॉल्व्ह डोहात ठेवला तर न उपसता येणारं पाणी जेमतेम ४० घनमीटर होतं. उरले २,३१०. रोजचा वापर २०. रोजची नैसर्गिक घट साडेसहा मिलिमीटर, पण ती पूर्ण १,९६० चौरस मीटरवर लावून चालत नाही, कारण पाणी उतरतं तसा पृष्ठभाग आक्रसतो. पूर्ण काळासाठी सरासरी १,३०० चौरस मीटर धरले, म्हणजे रोज साडेआठ घनमीटर. एकूण खर्च साडेअठ्ठावीस. पाणी पुरणार ८१ दिवस. हवे होते शंभर.

दोन वाटा होत्या. पूर्वेच्या उथळ भागात सुमारे ६०० चौरस मीटरवर ९० सेंटिमीटर खोल खणलं तर ५४० घनमीटर वाढतात आणि एकोणीस दिवस भरून निघतात. पण भरलेल्या खड्ड्यात खोदकाम होत नाही, ते पाणी आटल्यावरच. दुसरी वाट वापर कमी करण्याची: रोज १४ घनमीटर. व्यवस्थापकांनी या हंगामासाठी दुसरी वाट घेतली, नव्या रोपांची वाढ पुढे ढकलली आणि जुन्या वाफ्यांना ठिबक लावलं.

काय झालं

जाळीच्याच आकड्यांवरून पातळी आणि शिल्लक पाण्याचा एक छोटा तक्ता करून खुणेच्या खांबाजवळ लावला होता. प्रत्येक खोलीतून पातळीचा उतार वजा करायचा, ऋण येतील तिथे शून्य धरायचं, बेरीज पुन्हा १०० ने गुणायची आणि डोहाची दुरुस्ती लावायची. त्यात पाणी एक मीटर उतरल्यावर शिल्लक होती सुमारे ७२० घनमीटर.

हा आकडा पाहून वापर सांभाळणाऱ्यांना धक्का बसला. डोहाची खोली ३.४ मीटर, एक मीटर उतरला तर दोन तृतीयांशांहून जास्त पाणी शिल्लक असेल असं नजरेला वाटतं. प्रत्यक्षात तीस टक्केच उरलेलं असतं, कारण बहुतेक पाणी वरच्या रुंद थरात असतं. तक्ता नसता तर याच टप्प्यावर हात सैल सुटला असता.

हिशेबाने एक मीटरची खूण ६५ व्या दिवशी यायला हवी होती, आली ६३ व्या दिवशी. शंभरावा दिवस उलटला तेव्हाही फूटव्हॉल्व्ह पाण्याखाली होता.

वेगळं काय करता आलं असतं

काठाकडे जास्त लक्ष द्यायला हवं होतं. आतल्या भागात १० मीटरची जाळी पुरेशी होती, पण कडेच्या चौकोनांत दोराला काठ कुठे छेदतो ते अंतर टिपून घेतलं असतं, तर त्या चौकोनांचं घनफळ खऱ्या काठापर्यंतच मोजता आलं असतं. दोर ताणलेलाच होता आणि त्यावर खुणाही होत्या, म्हणजे हे काम जवळजवळ फुकट झालं असतं.

एकाऐवजी दोन-तीन पातळ्यांना काठाची रेघ आखणंही सोपं होतं. पंप चालू असताना दर २५ सेंटिमीटरला खुंट्या मारून ठेवायच्या आणि नंतर मोजायच्या. वरच्या थरासाठी ही रेघांची पद्धत जाळीपेक्षा सरस आहे, आणि खोल भागासाठी जाळी. दोन्ही एकत्र वापरल्या तर तक्त्याचा वरचा आणि खालचा भाग सारखाच भरवशाचा होतो.

साडेसहा मिलिमीटरची घट सहा दिवसांच्या एकाच टप्प्यावरून घेतली होती. ऊन वाढलं की ती वाढते, आणि पातळी उतरली की झिरपणं बहुधा कमी होतं. हंगामात पंप बंद असलेल्या रात्री आणि दिवस निवडून खांबाच्या नोंदी घेतल्या असत्या तर दोन्ही वेगळे करता आले असते. ६५ आणि ६३ मधला फरक कदाचित इथलाच आहे.

आणि गाळ. चकतीसह आणि चकतीविना अशी दोन मापं काही मोजक्याच बिंदूंवर घेतली. वीसही बिंदूंवर घेतली असती तर त्यांच्या फरकाची बेरीज गुणिले १०० म्हणजे मऊ गाळाचं अंदाजे घनफळ, त्याच दिवशी, त्याच वहीत मिळालं असतं. पूर्वेचा भाग खणायचा ठरलं तर किती गाळ आणि किती कठीण माती काढायची हे आधी कळायला हवं. पुढच्या मोजणीच्या वहीत प्रत्येक बिंदूसमोर त्यासाठी दोन रकाने आखून ठेवले आहेत.